आहेर वजा करण्याआधी

प्रश्न: मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालं. डायरीतली बेरीज १२ लाख ४० हजार येते, आहेर ३ लाखांच्या आसपास जमला. म्हणजे लग्न ९ लाख ४० हजारांत झालं असं समजायचं का? थोरल्या भावानेही साडेतीन लाख घातलेत, त्याचे किती द्यायचे तेही ठरत नाहीये. काही पाकिटांवर नाव नाही, साड्या-भांडी किती रुपयांची धरायची कळत नाही. नीट हिशेब मांडायचा तर कसा मांडू?

उत्तर:

नऊ-चाळीसचा आकडा एवढ्यात कुणाला सांगू नका. तो बहुधा दोन्ही बाजूंनी चुकलेला आहे. खर्चाच्या बेरजेत काही रकमा दोनदा आल्या असतील, काही आल्याच नसतील, आणि तीन लाखांचा आहेर तर जवळजवळ नक्कीच सगळा तुमचा नाही.

मी सांगलीत तीसेक वर्षं व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितोय. त्यामुळे नात्यागोत्यात लग्न झालं की आठ-पंधरा दिवसांनी कुणी तरी पिशवीभर पावत्या आणि पाकिटं घेऊन दारात येतोच. २०२३ च्या डिसेंबरात माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न झालं. त्याचा हिशेब मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडला होता, तोच इथे उलगडून दाखवतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पैसे निसटायच्या जागा त्याच असतात.

मावसभावाच्या डायरीतली बेरीज ११,५१,४०० होती. ती बरोबर आहे का, हे बघायला मी पावत्यांना हातच लावला नाही. पावत्या निम्म्या नसतातच, मंडपवाला आणि फुलवाला चिठ्ठीवर आकडा लिहून देतात. आधी पैसे कुठून आले ते विचारलं. मोडलेली ठेव, बचत खातं आणि कपाटातली रोकड मिळून लग्नाच्या खर्चाला सुरुवात झाली तेव्हा त्याच्याकडे १२,२०,००० होते. मुलाच्या वडिलांनी हॉल आणि जेवणातला आपला वाटा म्हणून १,७५,००० खात्यावर पाठवले. आहेराची पाकिटं वेगळ्या डब्यात होती, त्यातला रुपया अजून हलला नव्हता. घरखर्च बाजूला काढून शेवटी शिल्लक निघाली ३,१२,६००. म्हणजे त्याच्या हातून गेले १०,८२,४००. डायरी सांगते ११,५१,४००. डायरीत ६९,००० जास्त.

हा ताळा तुम्ही सगळ्यात आधी घ्या. सुरुवातीची शिल्लक, अधिक बाहेरून आलेले पैसे, वजा आजची शिल्लक. डायरीत माणूस आठवेल तसं लिहितो. बँक आणि कपाट विसरत नाहीत.

ते ६९,००० शोधायला अर्धा तास लागला. केटररला साखरपुड्याच्या वेळी ५०,००० इसार दिला होता, तो त्या दिवशी डायरीत लिहिला. लग्नानंतर बिल चुकतं करताना पूर्ण बिलाचा आकडा पुन्हा लिहिला. इसार दोनदा आला. ही चूक मी इतक्या घरांत पाहिलीय की आता इसार घेणाऱ्यांचीच यादी आधी मागतो: कार्यालय, केटरर, फोटोग्राफर, सजावट, बसवाला. उरलेले १९,००० कार्यालयाचे. त्यांनी भाड्याचे दीड लाख आणि अनामत २५,००० असे मिळून १,७५,००० घेतले होते. जनरेटरचं डिझेल आणि दोन मोडक्या खुर्च्यांचे ६,००० कापून बाकीची अनामत परत आली, पण डायरीत ती खर्चच राहिली. अनामत हा खर्च नसतो. तिच्यातून कापून घेतलेली रक्कम तेवढा खर्च.

डायरीत जास्त काय आहे ते असं सापडतं. कमी काय आहे ते मात्र या ताळ्यातून दिसत नाही, कारण ते पैसे दुसऱ्याच्या खिशातून गेलेले असतात. त्यासाठी माणसांना विचारावंच लागतं. लग्नाच्या दोन दिवसांत पैसे देणारा हात यजमानाचा नसतो. तो असतो पुतण्याचा किंवा भाच्याचा, जो मोटारसायकलवरून बर्फ, हार, पाण्याचे जार आणायला पळत असतो. मावसभावाच्या पुतण्याला मी घरी बोलावून मोबाईलवरचे दोन दिवसांचे व्यवहार वाचायला लावले. तो "काही नाही हो काका, किरकोळ" म्हणत होता. ते किरकोळ २२,६०० भरलं. शिवाय बँजोवाल्याचे १८,००० मुलीच्या मामाने परस्पर दिले होते.

इथे दोन्ही रकमा सारख्या दिसतात, पण नोंद वेगळी पडते. पुतण्याचे २२,६०० हे देणं, ते त्याला परत करायचे. मामा म्हणाला, "बँजो माझ्याकडून." मग त्याचे १८,००० खर्चातही लिहायचे आणि तेवढेच आहेरातही. फक्त खर्चात लिहिले तर मामाचा आहेर बुडाला, आणि कुठेच लिहिले नाहीत तर पुढच्या लग्नात "आपल्याकडे बँजोला काहीच लागलं नव्हतं" अशी समजूत होते. माणूस आहेर म्हणतोय की उसने, हे त्याच आठवड्यात विचारून घ्या. सहा महिन्यांनी विचारलं तर अवघड होतं, दोघांनाही.

म्हणून खर्चाच्या वहीत रक्कम, तारीख आणि कशासाठी याच्या जोडीला एक रकाना हवाच: कोणाच्या खिशातून. मोबाईलवर शीट केलीत तर क रकान्यात म्हणजे C मध्ये रक्कम आणि D मध्ये खिसा ठेवा. मग प्रत्येकाने किती घातले ते एका ओळीत निघतं:

```
=SUMIFS(C:C,D:D,"भाऊ")
```

या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर मुलीकडचा एकूण खर्च ११,२३,००० वर आला. त्यातलं जेवण थोडं उघडून दाखवतो, कारण सगळ्यात जास्त वाद तिथे होतात. ६०० ताटं ठरली होती, ३५० रुपये दराने. केटररने मोजली ६४८. मावसभावाला वाटलं वरची ४८ फसवून लावली. त्या दिवशी ताटांच्या थप्पीजवळ घरचा एक मुलगा वही घेऊन बसवला होता म्हणून कळलं की २२ ताटं बँजोवाले, फोटोवाले, बसचे चालक आणि सजावटीची पोरं यांची होती. ती माणसं जेवणारच, फक्त ठरवताना ती धरली नव्हती. थप्पीजवळ घरचा माणूस नसेल तर केटररचा आकडा मान्य करण्याशिवाय गत्यंतर नसतं. जेवणाचं बिल २,२६,८०० झालं.

हॉल आणि लग्नाचं जेवण निम्मं-निम्मं ठरलं होतं. दोन्ही मिळून ३,८२,८००, म्हणजे मुलाकडचा वाटा १,९१,४००. त्यांनी दिले होते १,७५,०००. उरलेले १६,४०० मागायला मावसभाऊ तयार नव्हता, "नवीन सोयरीक, बरं दिसत नाही." मी बिलाच्या झेरॉक्स आणि एका कागदावर चार ओळींचा हिशेब पाठवला, संध्याकाळी पैसे आले. व्याह्यांना तर आकडाच माहीत नव्हता. हा वाटा आहेरात मिसळू नका. ती खर्चाची वाटणी आहे, भेट नव्हे. ती वजा केली की मुलीकडच्या घरावर पडलेला भार निघतो: ९,३१,६००.

आता या नऊ लाखांत काय काय आहे ते बघा. सोनं चार तोळे. आपल्याकडे सराफाचा तोळा म्हणजे दहा ग्रॅम. बिल २,६७,८००, त्यात धातूचे २,३२,०००, घडणावळ २८,००० आणि जीएसटी ७,८००. धातू मुलीच्या कपाटात आहे, तो संपलेला नाही. घडणावळ आणि कर मात्र गेले ते गेले, मोडायला गेलात तर त्यांचे पैसे कुणी देत नाही. त्याचप्रमाणे संसाराचं सामान ४८,०००. म्हणजे २,८०,००० एका घरातून दुसऱ्या घरात गेले, खर्च होऊन उडाले नाहीत. वडिलांच्या खिशातून ते गेलेच आहेत, म्हणून त्यांच्या भारात ते धरायचे. पण धाकटीच्या लग्नाला किती लागतील असा अंदाज काढायचा असेल तर सोन्याचा धातू आणि सामान वेगळं काढून उरलेले ६,५१,६०० बघायचे. सोन्याचा भाव त्या वर्षी जो असेल तो असेल, त्याला मागच्या लग्नाचा आकडा उपयोगाचा नाही.

लग्नासाठी पतसंस्थेतून किंवा पीएफमधून उचल केली असेल तर तिचं व्याज, किंवा बुडालेलं व्याज, हेही लग्नाच्याच नावे. मावसभावाने ठेव मुदतीआधी मोडली नव्हती म्हणून त्याच्या वहीत ती ओळ नाही.

आता आहेर.

पाकिटं कार्यालयात फोडू नका, हे पुढच्या वेळेसाठी. आहेराच्या टेबलावर बसलेल्या माणसाने पाकीट घेतलं की त्यावर फक्त क्रमांक टाकायचा आणि वहीत त्या क्रमांकासमोर नाव, गाव आणि कुणाच्या ओळखीचे ते लिहायचं. नुसतं "पाटील परिवार" लिहिलंत तर आमच्या भागात ते कुणीही असू शकतं. रात्री घरी तिघांनी बसायचं: एकाने पाकीट फोडून रक्कम मोठ्याने म्हणायची, दुसऱ्याने नोटा मोजायच्या, तिसऱ्याने लिहायचं. ताळा लागेपर्यंत रिकामं पाकीट टाकायचं नाही.

ताळा कसा? आपल्याकडच्या आहेराला एक रुपयाची शेपटी असते, १०१, २५१, ५०१, १,००१. म्हणून वहीत ज्या रकमांच्या शेवटी एक आहे त्या मोजायच्या आणि डब्यातली रुपयाची नाणी मोजायची. दोन्ही जुळली पाहिजेत. मावसभावाकडे २२३ पाकिटं होती आणि वहीत एकवाल्या नोंदी १६३. नाणी भरली १५७. सहा रुपयांसाठी कोण शोधतो, म्हणून तो उठायला लागला. मी रिकामी पाकिटं पुन्हा चाळायला लावली. पाच नाणी पाकिटावर चिकटवलेलीच राहिली होती. सहावं नाणं ज्या पाकिटाचं होतं ते फोडलंच नव्हतं, वाचणाऱ्याने ते मागच्या पाकिटाला चिकटून आलेलं म्हणून दोन्ही मिळून एकच रक्कम सांगितली होती, आणि लिहिणाऱ्याने दोन्हींसमोर अंदाजाने ५०१ टाकलं होतं. आत होते २,००१. रुपयाच्या नाण्याने दीड हजाराची चूक दाखवली. रोकड शेवटी १,३८,६१३ झाली. वरचे तेरा देवापुढच्या वाटीत गेले असं समजून मी १,३८,६०० धरतो.

बिननावाची नऊ पाकिटं होती. तीही सुटतात, सगळी नाही तरी. आमंत्रणाच्या यादीतून ज्यांची पाकिटं आली त्यांची नावं खोडत जा. जी माणसं जेवून गेली, फोटोत दिसतात, आणि ज्यांच्या नावे पाकीट नाही, अशी पंधरा-वीस नावंच उरतात. मग जुन्या वहीत त्यांच्याकडे आपण किती नेलं होतं ते बघा, आणि पाकीट कोणत्या गावच्या दुकानाचं आहे ते बघा, मागे शिक्का असतो कधी कधी. नऊपैकी सहा लागली. तीन "अनामिक" म्हणून राहिली. ओढूनताणून नाव चिकटवू नका. चुकीच्या माणसाचा आहेर फेडला तर बिघडत नाही, पण खऱ्या माणसाचा राहिला तर ती गोष्ट वीस वर्षं चालते.

मोबाईलवरून आलेले २१,४०० आणि मामाचे १८,००० मिळवले की पैशातला आहेर १,७८,००० झाला.

तुम्ही विचारलंत, साड्या-भांड्यांचं काय. रुपयांत शून्य धरा. आलेल्या साडीवर १,२०० ची चिठ्ठी असेल, पण तुम्ही ती घेतली नसती. साड्यांतल्या निम्म्या पुढच्या वर्षभरात कुणाच्या तरी ओटीत जाणार आहेत. माझ्या बायकोने दिलेली मोरपंखी साडी चार वर्षांनी आमच्याच घरी आहेरात परत आली, घडीतली पिनसुद्धा तीच. वस्तूंची किंमत धरायची ती एकाच बाबतीत, जी वस्तू घ्यायचीच होती आणि आहेरात आल्यामुळे घ्यावी लागली नाही. तेवढ्याने सामानाचा खर्च आपोआप कमी झालेलाच असतो, पुन्हा वजा करायची गरज नाही.

पण वस्तूंची यादी करा, ती कायद्यासाठी लागते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखालच्या १९८५ च्या नियमांत वधूला मिळालेल्या भेटींची एक आणि वराला मिळालेल्या भेटींची एक, अशा दोन याद्या ठेवायला सांगितलंय. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वर दोघांच्या सह्या. आहेराच्या वहीत एक रकाना वाढवला की ही यादी तयार होते. फारच थोडी घरं ती करतात. दुर्दैवाने पुढे संसार मोडला तर दागिने कुणाचे यावरून भांडण होतं, तेव्हा हा कागद नसल्याचं कळतं.

याच यादीवरून पुढचा प्रश्न येतो: या १,७८,००० पैकी वडिलांचे किती? मुलीच्या मैत्रिणींनी, तिच्या ऑफिसातल्यांनी, आजोळच्या काही मंडळींनी तिच्या हातात, तिच्यासाठी म्हणून दिलेले ६१,००० होते. ते तिचे. लग्नाच्या खर्चातून ते वजा करायचे म्हणजे मुलीच्या पैशाने मुलीचं लग्न केलं असं होतं. ते तिच्या खात्यावर भरले. कराच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. लग्नात वधू-वरांना मिळालेल्या भेटीवर आयकर नाही, रक्कम कितीही असो. ही सवलत ज्याचं लग्न आहे त्याला, त्याच्या आई-वडिलांना नाही. आई-वडिलांच्या नावे नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर आले तर ते उत्पन्नात धरलं जातं. म्हणून मोठ्या रकमा वधू-वरांच्या खात्यावर गेलेल्या बऱ्या. खर्चाच्या बाजूलाही एक नियम आहे: एकाच समारंभासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तुकडे करूनही नाही. दंड घेणाऱ्याला होतो, पण तुमची पावती अडकते. केटररचं बिल बँकेतून द्या. ताळ्यालाही सोपं जातं.

वडिलांच्या नात्याने आलेला आहेर उरला १,१७,०००. भारातून तो वजा केला की ८,१४,६००. एवढे पैसे मावसभावाच्या घरातून प्रत्यक्ष कमी झाले. बहुतेक हिशेब इथे थांबतात, तो पण थांबला होता.

मी त्याला जुनी वही काढायला लावली. आमच्याकडे बहुतेक घरांत ती असते, लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर "श्री", आणि मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली यादी, आपण कुठे किती नेलं त्याची. मावशीने ती १९९० च्या आधीपासून ठेवलेली. नवीन आहेरातलं एकेक नाव तिच्यात शोधलं. ७१,००० अशा घरांतून आले होते जिथे या घराने आधीच आहेर नेला होता, कुणाच्या मुंजीत, कुणाच्या वास्तुशांतीला, बहुतेक लग्नांत. ते पैसे या लग्नाने मिळवलेले नाहीत. मागच्या वीस-पंचवीस वर्षांत आपणच ठेवायला दिलेले होते, ते परत आले. उरलेल्या ४६,००० पैकी २९,००० ज्यांच्या घरी लग्नं व्हायची आहेत त्यांचे. त्यात मामाही आला, त्याची दोन पोरं लग्नाची आहेत. हे २९,००० देणं आहे, आणि फेडताना आपल्याकडे जेवढ्यास तेवढं नेत नाहीत, थोडं चढतंच नेतात. राहिले १७,०००, ज्या वडीलधाऱ्यांच्या घरची सगळी कार्यं उरकलीत आणि ज्यांना परत काही न्यायचा प्रसंग बहुधा येणार नाही त्यांचे.

म्हणजे लग्नाचा भार खऱ्या अर्थाने हलका केला तो फक्त १७,००० नी. ९,३१,६०० वजा १७,०००, उरले ९,१४,६००. खिशातून गेलेल्या आठ-चौदाच्या आकड्याहून हा बरोबर एक लाखाने जास्त.

इथे माझ्याशी भांडणारे आहेत. माझे एक सीए मित्र म्हणतात, ७१,००० परत आले म्हणजे आलेच, मागच्या वर्षांत ते खर्च म्हणून सोसून झाले होते. घराच्या तिजोरीच्या हिशेबाने ते बरोबर आहे, म्हणूनच ८,१४,६०० हा आकडाही मी खोडत नाही. पण "लग्नाला किती लागलं" असं विचारलं तर जुनी ठेव मोडून मिळालेले पैसे कुणी खर्चातून वजा करत नाही, मग जुना आहेर का करायचा? ठेव-बचतीचे १२ लाख आपण वजा केले का?

दोन्ही आकडे लिहून ठेवा. पुढच्या वर्षभरात हातात किती उरेल हे बघायचं तर पहिला. धाकटीचं लग्न करायचं तर दुसरा, कारण तिच्या लग्नात ती जुनी ७१,००० ची ठेव नसणार. ज्या घरांनी थोरलीला आहेर करून फेड केली, त्यांच्याकडे मधल्या काळात आपण काही नेलं नसेल तर ते धाकटीला रिवाजापुरतंच करतील. दुसऱ्या लग्नाला आहेर कमी येतो अशी तक्रार असते लोकांची. वही बघितली तर कारण त्यातच असतं.

"आहेर आणू नये" असं पत्रिकेत छापणाऱ्यांचा हिशेब या बाबतीत सोपा, पण त्यांचंही जुनं येणं असतं. ते सोडून दिलं असं वहीत लिहा, नाही तर पुढच्या पिढीला वाटेल त्या घरांनी फेडलंच नाही.

आता तुमच्या भावाचं. साडेतीन लाख त्याने घातले, त्यातलं किती परत द्यायचं हे दोघांत काय ठरलं होतं त्यावर आहे, तो मामला माझा नाही. पण तो आकडा काढण्याआधी तुमच्या तीन लाखांच्या आहेरातून त्याच्या ओळखीने आलेली पाकिटं वेगळी करा: त्याचं ऑफिस, त्याची सासुरवाडी, त्याच्या सोसायटीतली मंडळी. समजा ती ५५,००० ची निघाली. त्या माणसांच्या घरी पुढे आहेर घेऊन कोण जाणार आहे? तो. तुम्ही त्यांना ओळखतही नाही. मग ते ५५,००० तुम्ही तुमच्या खर्चातून वजा केलेत तर पैसे तुम्ही घेतले आणि देणं त्याच्या माथी मारलं. म्हणून ते एक तर त्याच्या हाती द्या, किंवा त्याला द्यायच्या रकमेत मिळवा. आणि त्या पाकिटांची यादी नावा-गावासकट उतरवून त्याच्याकडे द्या, मूळ वहीत त्या ओळींसमोर "दादाकडे" असं लिहून. मावसभावाच्या घरात ही यादी दिली गेली नाही. गेल्या मे महिन्यात त्याच्या भावाच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, आणि भाऊ तिथे ५०१ चं पाकीट घेऊन गेला. त्या सहकाऱ्याने मावसभावाच्या मुलीच्या लग्नात ५,००० दिले होते.